साडीला किती गुण?

माझी भाची एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकविते. तासिका तत्त्व म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच मानधन, आणि पुढील वर्षी नेमणूक मिळेल की नाही हे पुढील वर्षीच कळायचे. गेल्या वर्षअखेरीस विभागप्रमुखांनी तिला बोलावून विद्यार्थ्यांनी भरलेल्या अभिप्राय-पत्रकांचा गोषवारा दाखविला. ५ पैकी तिची सरासरी ३.७ होती. तोच विषय दुसऱ्या तुकडीला शिकविणाऱ्या तिच्या सहकाऱ्याची ४.१. विभागप्रमुख काही वावगे बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, की जूनमध्ये जागा एकच राहिली तर हा कागद समोर ठेवावा लागेल. पत्रकाच्या शेवटी मोकळी जागा असते. तिथे एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "मॅडम शिकवतात चांगलं, पण जरा नीटनेटक्या राहिल्या तर बरं."

मे महिन्यात ती माझ्याकडे आली तेव्हा पिशवीत दोन नव्या इरकली साड्या होत्या. "मावशी, एका महिन्याचं मानधन घातलंय ह्यात. उपयोग होईल ना गं?"

मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकविले. नातेवाइकांच्या प्रश्नांना संख्याशास्त्राने उत्तर देऊ नये, हा धडा मी उशिरा शिकले. परंतु हा प्रश्न खरोखरच संख्याशास्त्राचा होता आणि त्यावर पुष्कळ काम झालेले आहे.

त्यातील सर्वांत परिचित काम टेक्सासमधील आहे. ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात डॅनिएल हॅमरमेश हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. रूप आणि मिळकत यांचा संबंध हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. २००५ साली त्यांनी एमी पार्कर यांच्यासह एक निबंध प्रसिद्ध केला. २००० ते २००२ या काळात त्या विद्यापीठातील ९४ अध्यापकांनी घेतलेल्या ४६३ वर्गांची विद्यार्थी-मूल्यांकने त्यांनी एकत्र केली. मूल्यांकन १ ते ५ या मोजपट्टीवर होते आणि सर्व वर्गांची सरासरी ४ च्या किंचित वर होती. मग या अध्यापकांची विभागांच्या संकेतस्थळांवरील छायाचित्रे घेऊन ती सहा विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यात आली. तीन मुलगे, तीन मुली. त्यांनी केवळ चेहरा पाहून १ ते १० असे गुण द्यायचे होते, वयाकडे लक्ष द्यायचे नव्हते आणि ५ म्हणजे मध्यम असे धरून चालायचे होते. या सहा जणांची मते परस्परांशी बरीच जुळली. रूप ही ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट, असे आपण म्हणतो. निदान त्या सहा जणांच्या बाबतीत ते फारसे खरे नव्हते.

पुढचा भाग हिशेबाचा आहे, पण सोपा. अध्यापक स्त्री की पुरुष, अल्पसंख्य समाजातील की नाही, इंग्रजी त्याची शिक्षणाची भाषा होती की नाही, नेमणूक कायमस्वरूपाच्या वाटेवरील होती की नाही, वर्ग प्राथमिक पातळीचा होता की वरचा, या सर्वांचा परिणाम बाजूला काढून उरलेला फरक चेहऱ्याच्या गुणांशी जुळतो का, हे पाहायचे. तो जुळला. रूपाच्या क्रमवारीत खालच्या सहाव्या हिश्श्याच्या सीमेवर असलेला अध्यापक आणि वरच्या सहाव्या हिश्श्याच्या सीमेवर असलेला अध्यापक, अशी दोन माणसे समोर धरा. बाकी सारे समान असताना त्यांच्या मूल्यांकनांत सुमारे ०.४६ चा फरक पडतो, असे निघाले. पाचांच्या पट्टीवर हे थोडे वाटेल. पण बहुतेक अध्यापक साडेतीन ते साडेचारांच्या दरम्यानच दाटीने उभे असतात. त्या दाटीत अर्धा गुण म्हणजे मधल्या अध्यापकाला थेट वरच्या रांगेत नेऊन बसविणारे अंतर आहे. माझ्या भाचीच्या आणि तिच्या सहकाऱ्याच्या सरासरीतील फरक ०.४ चा होता, हे इथे आठवावे.

कुणी म्हणेल, देखणे अध्यापक कदाचित सोपे आणि लोकप्रिय विषय शिकवीत असतील. तीही शंका तपासलेली आहे. एकच अभ्यासक्रम निरनिराळ्या अध्यापकांनी शिकविला असेल तेवढेच वर्ग घेऊन तुलना केली, तेव्हा परिणाम थोडा कमी झाला, पण नाहीसा झाला नाही. ही सर्व आकडेवारी आज संख्याशास्त्राच्या अनेक पाठ्यक्रमांत सरावासाठी दिली जाते, त्यामुळे ज्याला शंका असेल त्याला स्वतः आकडेमोड करून पाहता येते.

या निबंधातील एक गोष्ट मला आजही चकित करते. रूपाचा परिणाम पुरुष अध्यापकांच्या बाबतीत स्त्रियांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होता. आपली समजूत नेमकी उलट असते. मात्र यावरून स्त्रियांना न्याय मिळतो असे समजू नये; रूपाचा विचार दूर ठेवला तरी स्त्रियांची, तसेच अल्पसंख्य समाजांतील अध्यापकांची मूल्यांकने सरासरीने सुमारे पाव गुणाने खालीच होती. म्हणजे आपली बाई आधीच पाव पाऊल मागे उभी असते आणि देखणेपणाची शिडीही तिच्या वाट्याला आखूड येते.

आता साडीकडे वळू. चेहरा बदलता येत नाही, पोशाख येतो. म्हणून तर भाची साड्या घेऊन आली होती. टेक्सासच्या अभ्यासात हीही गोष्ट पाहिली गेली. छायाचित्रात पुरुषाने गळपट्टा किंवा स्त्रीने कोट अशा औपचारिक वेषात असलेल्यांची वेगळी नोंद केली, तेव्हा त्यांची मूल्यांकने अधिक निघाली आणि चेहऱ्याचा वाटा थोडा घटला, पण बराचसा टिकून राहिला. यात एक गोम आहे. विभागाच्या पानावरील छायाचित्रासाठी जो माणूस गळपट्टा बांधून येतो, तो तासाची टिपणेही आदल्या रात्री नीट लावून ठेवीत असेल. मग गुण मिळतात ते गळपट्ट्याला की टिपणांना? छायाचित्रावरून हे कळणे शक्य नाही.

म्हणून पोशाखाचे प्रयोग वेगळे केले गेले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात पाहुण्या व्याख्यात्यांना कधी औपचारिक वेषात, कधी मध्यम, तर कधी जुन्या जीन्ससारख्या अगदी सैल वेषात वर्गांपुढे उभे केले. औपचारिक वेषातील व्यक्ती विषयात अधिक जाणकार वाटली. विशेषतः विद्यार्थिनींना स्त्री-व्याख्यात्या तशा वाटल्या. परंतु सैल वेषातील व्यक्ती अधिक मिळूनमिसळून वागणारी आणि तिचे व्याख्यान अधिक रंजक वाटले. म्हणजे कडक इस्त्रीने एक रकाना वर गेला, दुसरा खाली आला. त्याच मालिकेतील पुढच्या एका लेखात नैसर्गिक वर्गातील देवाणघेवाण तपासली गेली. तिथे पोशाखाचा परिणाम जवळजवळ विरून गेला. विद्यार्थ्यांकडे पाहून बोलणे, फळ्यापासून हलून त्यांच्याजवळ जाणे, यांपुढे तो नगण्य ठरला. कारण उघड आहे. एका तासापुरत्या आलेल्या पाहुण्याबद्दल पाहणाऱ्याजवळ पोशाखावाचून दुसरी माहितीच नसते. वर्षभर शिकविणाऱ्या बाईंबद्दल ती ढीगभर असते.

हे मी भाचीला सांगितले, तेव्हा तिचा चेहरा पडला. "म्हणजे पैसे वाया गेले." मी म्हटले, थांब, अजून एक प्रयोग राहिला आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

तो १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी मिशिगन विद्यापीठात केला. ११८ विद्यार्थ्यांना एका प्राध्यापकाची मुलाखत चित्रफितीवर दाखविली. हे गृहस्थ बेल्जियमचे, फ्रेंचभाषक. इंग्रजी बोलताना त्यांचा ढंग लगेच कळायचा. मुलाखती दोन होत्या. एकीत ते विद्यार्थ्यांच्या बुद्धीबद्दल आदराने बोलत, स्वतःच्या विषयात रंगून जात. दुसरीत ते ताठर, हुकूम सोडणारे आणि विद्यार्थ्यांवर अविश्वास दाखविणारे होते. माणूस तोच, चेहरा तोच, बोलण्याचा ढंग तोच. अर्ध्यांनी पहिली मुलाखत पाहिली, अर्ध्यांनी दुसरी. मग त्यांना विचारले, या गृहस्थांचे दिसणे, लकबी आणि उच्चार तुम्हांला आवडले का?

प्रेमळ मुलाखत पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यांचे दिसणे आणि उच्चार आकर्षक वाटले. कठोर मुलाखत पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांना तेच दिसणे, तेच उच्चार चीड आणणारे वाटले. म्हणजे इथे रूपाने मत बनविले नव्हते. मताने रूप घडविले होते. खरी मौज यापुढे आहे. काही विद्यार्थ्यांना विचारले, की माणूस आवडला किंवा नावडला म्हणून तुम्ही त्याच्या दिसण्याला असे गुण दिलेत का? त्यांनी साफ नाकारले. इतरांना उलट विचारले, की त्याच्या दिसण्यामुळे तुमचे मत बनले का? तेव्हा कठोर मुलाखत पाहिलेले म्हणाले, होय, त्याचे ते दिसणे आणि ते उच्चार यांमुळेच आम्हांला तो आवडला नाही. कारण आणि परिणाम त्यांनी मनात पार उलटे लावले होते, आणि यात खोटेपणा मुळीच नव्हता. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नव्हते.

याचा अर्थ दुहेरी आहे. "मॅडम नीटनेटक्या राहिल्या तर बरं" असे लिहिणाऱ्या मुलाला खरोखरच साडी खुपत होती, की कुठल्या तरी तासाला बाई त्याला टोकून बोलल्या होत्या आणि त्यानंतर त्यांची साडी खुपू लागली, हे तो मुलगासुद्धा सांगू शकणार नाही. आणि म्हणूनच पत्रकाच्या माथ्यावर 'कृपया निःपक्षपातीपणे भरावे' असे छापून काही साधत नाही. आपण पक्षपात करीत आहोत हे ज्याला जाणवतच नाही, तो ती सूचना वाचून मान डोलावतो आणि पुढे जातो.

या दोषाचे निदान खरे तर फार जुने आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० साली अमेरिकन सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनाबद्दल लिहिले होते. वरिष्ठांनी आपल्या हाताखालील अधिकाऱ्यांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य यांसाठी निरनिराळे गुण द्यायचे होते. थॉर्नडाइकला दिसले, की हे गुण एकमेकांशी नको तितके जुळतात. उंचपुरा, रुबाबदार अधिकारी बुद्धिमानही ठरे आणि सच्छीलही. देवदेवतांच्या चित्रांत मस्तकामागे प्रभावळ काढतात, तशी एका गुणाची प्रभा साऱ्या माणसावर पसरते. इंग्रजीत याला 'हेलो इफेक्ट' म्हणतात. आपण त्याला प्रभावळीचा दोष म्हणू. आणि हा दोष ओळखण्याची खूणही थॉर्नडाइकने दाखविलेलीच आहे. वेगवेगळ्या प्रश्नांचे गुण एकाच उंचीवर येऊन बसले असतील, तर सावध व्हावे.

मी भाचीला पत्रकांचा गोषवारा काढायला सांगितला. विषयाची तयारी ३.७, फळ्यावरील लेखन ३.७, अभ्यासक्रमाची पूर्तता ३.७, वेळेवर वर्गात येणे ३.६. सहकाऱ्याच्या रकान्यात तेच चार आकडे ४.१, ४.१, ४.१ आणि ४.२. मी तिला विचारले, तू किती वेळा उशिरा गेलीस? ती म्हणाली, एकदाही नाही. बोटाचा ठसा देऊन हजेरी लागते, नोंद आहे. आणि तो? तो बिचारा शेजारच्या तालुक्यातून एस. टी. ने येतो, आठवड्यातून एकदा तरी दहा मिनिटे उशीर ठरलेलाच. माणूस मोठा हसतमुख, उंच, नेहमी पांढराशुभ्र सदरा. मुलांचा लाडका.

म्हणजे जी गोष्ट घड्याळाने मोजता येते, तिच्यातही विद्यार्थ्यांनी उशिरा येणाऱ्याला ४.२ आणि वेळेवर येणारीला ३.६ दिले होते. या एका ओळीवरून कळले, की ते पत्रक चार गोष्टी मोजत नव्हते. ते 'आवडतात की नाही' ही एकच गोष्ट चारदा मोजत होते.

यातून सहकाऱ्याचे अध्यापन वाईट ठरते, असे मात्र नाही, आणि हे मी तिला बजावून सांगितले. हार्वर्डमध्ये नलिनी अंबाडी आणि रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ अध्यापकांच्या तासांतील दहा-दहा सेकंदांचे तीन मूक तुकडे अनोळखी लोकांना दाखविले. केवळ तेवढे पाहून त्यांनी दिलेले गुण, सत्राअखेरीस त्या अध्यापकांच्या खऱ्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या मूल्यांकनाशी आश्चर्यकारकरीत्या जुळले. तिथे देखणेपणाचा परिणाम वेगळा काढूनही ते जुळणे टिकले. परिणाम होता तो हालचालींचा. प्रसन्न, उत्साही, आत्मविश्वासाने वावरणारे वर गेले. हाताशी चाळा करीत उभे राहणारे खाली आले. सहकाऱ्याचे हसू हे रूप मानावे की अध्यापनाचे साधन? हसतमुख शिक्षकाच्या तासाला मूल अधिक लक्ष देत असेल, तर त्याला मिळालेले गुण फुकटचे म्हणता येणार नाहीत. हॅमरमेश आणि पार्कर यांनीही आपल्या निबंधात हेच मान्य केले आहे. देखण्या अध्यापकांकडून विद्यार्थी खरोखर अधिक शिकतात, की केवळ भेदभाव करतात, हे दोन धागे वेगळे करणे बहुधा अशक्य आहे, असे ते म्हणतात. शिवाय ०.४६ हा ९४ अध्यापकांचा सरासरी हिशेब आहे. अमुक एका बाईंचे अमुक इतके गुण रूपापायी गेले, असे त्यावरून कुणालाही म्हणता येत नाही, मलाही नाही.

आपल्याकडे हे पत्रक आता घरोघरी पोहोचले आहे. राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजे नॅक, २०१७ च्या सुधारित चौकटीपासून विद्यार्थ्यांचे समाधान-सर्वेक्षण घेते. ते संपूर्ण संस्थेबद्दल असते, व्यक्तीबद्दल नाही. परंतु महाविद्यालये त्याच्या जोडीला प्रत्येक शिक्षकाची स्वतंत्र पत्रकेही भरून घेतात, आणि ती कशी वाचायची हे मात्र कुणी कुणाला शिकवीत नाही. भाचीच्या वर्गात पटावर साठ विद्यार्थी आणि पत्रके भरली सोळांनी. सोळांपैकी दोघांनी रागाने ५ ऐवजी १ दिला, तर सरासरी अर्ध्या गुणाने उतरते. दोघांमधला फरक तर त्याहून कमी, ०.४ होता. एवढ्या कागदावर कुणाची भाकरी तोलणे हा माझ्या मते अन्याय आहे, मग त्यात रूपाचा वाटा असो वा नसो.

आम्ही दोघींनी एक दुपार बसून विभागप्रमुखांना पत्र लिहिले. तक्रार नव्हे, सूचना. 'शिक्षकांची तयारी कशी आहे?' असे विशेषण मागणारे प्रश्न कमी करावेत. त्यांऐवजी 'गेल्या चार आठवड्यांत किती तास दहा मिनिटांहून उशिरा सुरू झाले?', 'तपासलेली चाचणी किती दिवसांत परत मिळाली?', 'शंका विचारली तेव्हा उत्तर त्याच तासाला मिळाले, पुढच्या तासाला की मिळालेच नाही?' असे घडलेल्या गोष्टींबद्दलचे प्रश्न घालावेत. उशिराचे उत्तर हजेरीच्या नोंदीशी ताडून पाहावे. दोन्ही जुळत नसतील, तर त्या वर्गाची बाकीची पत्रकेही जपून वाचावीत. तीसपेक्षा कमी पत्रके आली असतील, तर सरासरी काढू नये, नुसती उत्तरे वाचावीत. आणि वर्षातून एकदा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने तासाला मागच्या बाकावर बसून लेखी टिपण द्यावे. माणूस तोही आहे, प्रभावळ त्यालाही दिसते; पण निदान फळ्यावरील मागणी-पुरवठ्याचा आलेख बरोबर काढला होता की नाही, हे त्याला कळते.

विभागप्रमुख संख्याशास्त्राचे नव्हेत, पण समंजस निघाले. उशिराचा आणि चाचणीचा असे दोन प्रश्न त्यांनी यंदाच्या पत्रकात घेतले. तिसरा पुढच्या वर्षी पाहू म्हणाले. तीस पत्रकांच्या अटीवर त्यांनी नुसतेच स्मित केले. जूनमध्ये दोन्ही जागा राहिल्या, म्हणून तो कागद कुणापुढे ठेवावा लागला नाही.

साड्यांचे काय, असे वाचक विचारतील. ती त्या नेसते. गर्द निळी सोमवारी, डाळिंबी गुरुवारी. फळ्याच्या खडूची भुकटी निळीवर फार दिसते, एवढीच तिची तक्रार आहे. यंदाची पत्रके मार्चमध्ये भरली जातील.